कागदावरचं अकरावं वरीस

बन्सीधर मुनीमजीनं कागद उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला आणि परत शिवरुद्राच्या हातात दिला.

"जमायचं न्हाई."

"का बरं, मुनीमजी?"

"अकरा वर्षांचा हायेस तू."

"मी? मी चौदा वर्षांचा हाय! बघा की माझ्याकडं."

मुनीमजीनं बघितलं. शिवरुद्र त्याच्या खांद्याला लागत होता. ओठावर काळी रेघ उमटायला लागली होती. सदरा मनगटाच्या वर चार बोटं गेला होता. मुनीमजी हसला, पण हसून काय उपयोग? सेलूच्या त्या कापसाच्या जीनचा सगळा कारभार त्याच्या हातात होता आणि त्याच्या हातातल्या कागदावर शाळेचा शिक्का होता.

"बघून काय करू? शाळेनं लिहून दिलंय. बाराच्या आतलं पोरगं कारखान्यात घ्यायचं न्हाई, सरकारचा कायदा हाय. बारा ते पंधरावाल्याला सरकारी डाक्टरची चिठ्ठी लागती, ती बी आर्ध्या दिवसाला, ती बी उजेडात. तुला दिवाळीत बारावं सरतंय. दिवाळीनंतर ये."

"दिवाळीनंतर शाळा असती."

"मग शाळा शिक," मुनीमजी म्हणाला आणि फाटकातून आत गेला.

शिवरुद्र तिथंच उभा राहिला. आत कापसातनं सरकी काढायच्या चरक्यांची घरघर चालू होती. हंगाम संपत आला होता, तरी कापसाचे शेवटचे ढीग पडलेले होते आणि माणसं कमी पडत होती, हे सगळ्या सेलूला ठाऊक होतं. ज्याला त्याला काम मिळत होतं. यालाच तेवढं न्हाई.

आणि त्याला तर काम पाहिजेच होतं.

झालं होतं असं. सातवी संपली होती. सेलूत त्याच्या शाळेला पुढं वर्ग नव्हता. आठवीला परभणीला जायचं, तिथं लिंगायत मठात झोपायला जागा मिळणार होती, पण जेवण आपलं आपण बघायचं. त्याचा बाप वीरुपाक्षआप्पा बाजारात मीठ-हळदीचं दुकान लावायचा. त्याला पोरगं दुकानात पाहिजे होतं. सरळ नको म्हणता येईना, कारण शिवरुद्राची आई भागम्मा मधी उभी. म्हणून आप्पानं एक आडकाठी घातली होती.

"पयल्या म्हयन्याच्या खानावळीचे पैसे तू कमव. फुडचं मी बघतो. न्हाई जमलं तर गप दुकानात बसायचं."

आडकाठी एकच असती तर चाललं असतं. दुसरी शाळेची होती. शिवरुद्र उर्दूत नापास झाला होता. बाकी सगळ्यात पास, उर्दूत नापास. निजामाचं राज्य, आठवीपासून सगळं उर्दूतच शिकवायचे, त्यामुळं सुट्टी संपली की उर्दूचं इम्तिहान परत द्यायचं, त्यात पास झाला तर वरच्या वर्गाचा दाखला मिळणार. म्हणून त्यानं हिशेबानं ठरवलं होतं: सकाळचा आर्धा दिवस जीनवर, दुपारी उर्दू. पंधराच्या आतल्या पोरांना आर्ध्याच दिवसाचं काम, हे ऐकून त्याला कायदा आपल्यासाठीच केल्यासारखा वाटला होता.

आता तोच कायदा फाटकात आडवा पडला होता.

"काय रे, कशाला आलतास?" सरकीची पाटी डोक्यावर घेऊन धुरपताबाई बाहेर आली. ती त्यांच्याच गल्लीत राहायची, चरक्यावर कापूस घालायचं काम करायची.

त्यानं सांगितलं. धुरपताबाईनं पाटी खाली टेकवली आणि कपाळाला हात लावला.

"आरं येड्या, तो शाळेचा कागद दाखवायला कुणी सांगितलं तुला? माझा आश्रुबा तुझ्याच वयाचा. शाळेचं तोंड बघितलं न्हाई त्यानं. परभणीचा डाक्टर आलता, त्यानं तोंड उघडाय लावलं, दात बघितले, उंची बघितली आन् लिहून दिलं: तेरा. लागला बघ आर्ध्या दिवसाला. तुझ्याकडं कागदच नसता तर तुझे बी दात बघितले असते."

"मग आता बघायला सांगतो."

"आता काय बघत्याल? मुनीमजीनं शिक्का बघितला न्हवं. लबाडी त्याच्या अंगावर येती."

शाळेत न गेलेल्याला काम आणि शाळेत गेलेल्याला न्हाई. शिवरुद्राच्या डोक्यात हे शिरेना. तो तसाच किशनराव मास्तरांच्या घरी गेला.

मास्तर ओट्यावर उघड्या अंगानं हातपंख्यानं वारा घेत बसले होते. शिवरुद्रानं कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"मास्तर, माझं वय कुणी लिहिलं हे?"

"मीच. दुसरं कोण लिहिणार?"

"चुकलंय."

"चुकलं न्हाई, कमी लिहिलंय," मास्तर म्हणाले, जणू दोन वेगळ्या गोष्टी होत्या. "तू मठात अक्षरं शिकून आलास, तुला एकदम दुसरीत घेतलं. तवा तुझ्या बापानं इचारलं, मास्तर, पोराच्या भल्याचं काय करता? मी अडीच वर्षं कमी केली. सगळ्यांचीच करतो. पुढं सरकारी नोकरीत चिकटलास की पेन्शनीला अडीच वर्षं उशिरा जाशील. आत्ता न्हाई कळायचं तुला. म्हातारपणी माझं नाव काढशील."

"म्हातारपणाचं ऱ्हाऊ द्या. मला आत्ता काम पाहिजे. दुरुस्त करून द्या."

मास्तरांचा पंखा थांबला.

"दुरुस्त? आरं, तालीम खात्याला, शिक्षणवाल्यांना, अर्ज करावा लागतो. हैदराबादेतनं मंजुरी यायला पुढचा उन्हाळा उजाडंल. आन् ते इचारतील, मास्तर, आधी कसं चुकलं? एकाचं चुकलं तर बाकीच्यांचं काय? सगळी शाळा मोठी करू का मी एका दिवसात?"

"म्हंजी करणार न्हाई."

"न्हाई. आन् ओरडू नकोस. अकरा वर्षांचं पोरगं मास्तरावर ओरडत नसतं." मास्तर स्वतःच्याच बोलण्यावर हसले. शिवरुद्र हसला न्हाई.

घरी आप्पापुढं तेच. आप्पा म्हणाला, "मी तुझ्या भल्याचं केलं."

"सगळ्यांनी माझं भलं केलंय, आप्पा. त्याच्यामुळंच मला कुणी दारात उभं करंना."

"मग बस दुकानात. दुकानात वय लागत न्हाई."

भागम्मा भाकरी थापत होती. तिनं नुसतं तवा आदळला.

चार दिवस त्यानं गाव पालथं घातलं. अडत्याकडं गेला, तिथं तोलारी आधीच भरलेले. टेशनावर गेला, तिथल्या हमालांनी हुसकावलं, आमच्या पोटावर पाय देतो का म्हणून. गुळाच्या दुकानात पुड्या बांधायचं काम होतं, पण दिवसभराचं. मग उर्दू कधी करायची? दुपारी घरी येऊन तो अलिफ-बे मांडून बसायचा आणि डोक्यात गुळाच्या पुड्या फिरायच्या.

पाचव्या दिवशी माणिकराव भेटला. जीनवर माणसं पुरवायचा ठेका त्याचा.

"काम पाहिजे का रं?"

"पाहिजे. पण कागद..."

"कागद मुनीमजीला लागतो. मला न्हाई लागत. दिवसभर सरकी ओढायची. मोठ्या माणसाची मजुरी. नाव कुणी इचारलं तर आश्रुबाचा थोरला भाऊ म्हणायचं."

"आश्रुबाला थोरला भाऊ न्हाई."

"आजपासून हाय," माणिकराव म्हणाला.

शिवरुद्रानं रात्रभर विचार केला असं म्हणायला पाहिजे, पण खरं सांगायचं तर केला न्हाई. तो लगेच हो म्हणाला. इतका कावला होता तो.

भोंगा वाजायच्या आधी तो मागच्या दारानं आत गेला. चरक्यांच्या खालून सरकी उपसायची, पाटीत भरायची, अंगणात नेऊन ओतायची. वर दांड्यावरून चामडी पट्टे सप्‌सप् फिरत होते. धुरपताबाईनं त्याला बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. चरक्यांच्या आवाजात ओरडून ती एवढंच म्हणाली, "सदरा खोच! पट्ट्याजवळ वाकू नको! सदऱ्यासकट माणूस वढून नेतंय ते!"

दुपारचा भोंगा झाला तशी आश्रुबा आणि बाकीची चिठ्ठीवाली पोरं हातपाय धुऊन घरी निघाली. आश्रुबा त्याच्याजवळ येऊन दात काढत म्हणाला, "येतो दादा."

"जा गपचीप."

शिवरुद्र संध्याकाळपर्यंत राबला. घरी आला तेव्हा केसात, कानात, नाकात रुई. आईनं इचारलं तर गुळाच्या दुकानात काम मिळालं म्हणाला. जेवला आणि उर्दूचं पुस्तक उघडलं. उजवीकडनं डावीकडं जाणाऱ्या ओळी सरकीसारख्या ओघळायला लागल्या. एका पानावर डोकं ठेवलं ते सकाळीच उचललं. पानावर लाळेचा डाग पडला होता.

दुसरा दिवस तसाच. तिसरा तसाच. पैसे मिळत होते, पण पुस्तकाचं तेच पान होतं. आणि तो डाग होता. आता त्याला दुसरीच भीती वाटायला लागली. खानावळीचे पैसे होतील, परभणीला जायला दाखलाच मिळणार न्हाई. पैशाला धरावं तर उर्दू सुटती, उर्दूला धरावं तर पैसा सुटतो. त्याला कुणाला तरी धरून बडवावं वाटत होतं, पण नेमकं कुणाला ते कळत नव्हतं.

चवथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कारखाने तपासणारा सरकारी इन्स्पेक्टर उतरला.

खबर टांग्याच्या आधी जीनवर पोचली. माणिकराव धावत आला. "चिठ्ठीवाली पोरं एका रांगेत उभी ऱ्हावा, चिठ्ठ्या हातात धरा. आन् तू," त्यानं शिवरुद्राचं बखोट धरलं, "चल."

कापसाच्या कोठारात त्यानं त्याला ढिगात ढकललं आणि वरून कापूस ओढला. "मुनीमजीला बी ठावं न्हाई तू हायेस ते. शिंकलास तर मेलास."

शिवरुद्र कापसात निजून राहिला. घाम सुटला. तोंडात, नाकात रुई. बाहेर त्याच्यापेक्षा बोटभर बुटका आश्रुबा छाती काढून सरकारी माणसापुढं उभा होता आणि हा, सातवी शिकलेला, चोरासारखा ढिगात. त्याला शिंक आली न्हाई. त्याला राग आला. इतका आला की त्यानं दोन्ही हातांनी कापूस ढकलून दिला आणि उभा राहिला.

कोठाराच्या दारात तिघं उभे होते. मुनीमजी, माणिकराव आणि काळी शेरवानी घातलेला इन्स्पेक्टर.

शिवरुद्राच्या डोक्यावर कापसाचा बोळा तसाच.

"ये कौन निकला?" इन्स्पेक्टरनं इचारलं.

माणिकराव दुसरीकडं बघायला लागला. मुनीमजीचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल. पण माणूस मुरलेला. एका श्वासात बोलला:

"साब, ये तो पढ़नेवाला लड़का है। सातवीं पास। मेरे बच्चे को घर पे पढ़ाता। कुछ पूछने को आया होगा, छोकरों के साथ खेलने लग गया।"

"अच्छा?" इन्स्पेक्टर जवळ आला. "क्या पढ़ाते जी, मास्टर साब?"

शिवरुद्राच्या घशात रुई अडकली होती. तो खोकला. "हिसाब," तो म्हणाला.

"उर्दू नहीं?"

"उर्दू में मैं फेल हूँ, साब."

इन्स्पेक्टर खो खो हसला. मुनीमजीही हसला, हसावंच लागलं. मग इन्स्पेक्टरनं मुनीमजीकडं नीट बघितलं, हसणं थांबवून. "अच्छी बात है। सीज़न बंद होने से पहले मैं फिर आता हूँ। आपके बच्चे का हिसाब भी देखूँगा।"

टांगा गेला तसं मुनीमजीनं आधी माणिकरावाला झाडलं, मग शिवरुद्राला कानाला धरून फाटकाबाहेर काढलं. "परत दिसलास तर तंगडी तोडीन. कारखाना बंद पाडतो का माझा?"

शिवरुद्र घरी गेला, आईला सगळं खरं सांगितलं, नदीवर गेला, डोकं धुतलं. त्या दिवशी त्यानं उर्दूची दोन पानं वाचली. अर्धी कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजी अंगणात दातण करत होता तेव्हा दारात शिवरुद्र. धुतलेला सदरा, कपाळाला विभूती, हातात पाटी-पेन्सिल.

"आता काय?"

"पोराला शिकवायला आलो."

"कुणाच्या?"

"तुमच्या. तुमीच साहेबाला सांगितलं."

मुनीमजीनं दातण तोंडातून काढलं. "आरे, ती थाप होती."

"मला ठावं हाय. पण साहेब परत येणार हाय. तुमच्या पोराचा हिसाब बघणार म्हणाला. बघितलं आन् त्यानं इचारलं, मास्टर कुठं हाय, तर काय सांगता? तुमच्या घरात कारखान्याचा कायदा लागत न्हाई. अकरा धरा न्हाईतर चौदा धरा."

मुनीमजीनं चूळ भरून टाकली. "तू लय पुढं जाशील," तो शेवटी म्हणाला, आणि ते कौतुक होतं की शिवी ते काही कळलं न्हाई. "मजुरी जीनच्या आर्ध्या दिवसाची. तेवढीच. आन् उन्हं वर यायच्या आत संपवायचं."

मुनीमजीचं पोरगं म्हणजे नऊ वर्षांचा बैल होता. सातचा पाढा म्हणताना तो अठ्ठावीसला अडायचा आणि तिथून पळून जायचा. शिवरुद्र त्याच्या मागं, आणि मुनीमीण ओट्यावरून, "मारू नको हं मास्तर, त्याला मारलेलं चालत न्हाई." सकाळी घसा बसेपर्यंत शिवरुद्र ओरडायचा. जीनवरची सरकी बरी, असं त्याला कैकदा वाटलं. सरकी तरी पळून जात न्हाई. पण दुपार त्याची होती. दुपारी तो किशनराव मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "माझी अडीच वर्षं दिली न्हाईत, उर्दू तरी द्या." मास्तर कुरकुर करत शिकवायचे. एक दिवस चहा बी दिला.

इन्स्पेक्टर परत आलाच न्हाई. जीन बंद झालं, मुनीमजीनं शिकवणीही त्याच दिवशी बंद केली.

सुट्टी संपली तसं उर्दूचं इम्तिहान झालं. शिवरुद्र पास झाला. काठावर, पण पास. पैसे मात्र खानावळीच्या आर्ध्याच्या थोडे वर भरले. त्यानं ते आप्पाच्या पुढं ठेवले. आप्पानं बोटानं सरकवून बघितले.

"पुरं न्हाई झालं."

"न्हाई झालं."

"मग बोली काय होती?"

शिवरुद्र काही बोलणार, तेवढ्यात भागम्मा चुलीपासनं उठून आली. पिठाचे हात तसेच.

"बोली तुमी सांगू नका. जीनवर आर्ध्या दिवसाचं काम मिळालं असतं तर सुट्टी लागल्यापासनं कमावलं असतं त्यानं. पोरगं चार दिवस गाव हुडकत हिंडलं, चार दिवस चोरून राबलं. कुणाच्या पायी? वय कुणी खाल्लं त्याचं? मास्तरानं लिहिलं आन् तुमी लिहाय लावलं. ज्यानं खाल्लं त्यानं भरायचं."

"त्याच्या भल्यासाठी..."

"भलं झालं की. भरा आता."

आप्पानं भरलं. तोंड वाकडं करून, दोन दिवस कुणाशी न बोलता, पण भरलं.

परभणीला जायच्या दिवशी टेशनावर बापलेक तिकिटाच्या खिडकीपुढं उभे होते. शिवरुद्राच्या डोक्यावर ट्रंक. आप्पानं खिडकीत तोंड घातलं.

"परभणी. एक पुरं, एक आर्धं."

बाबूनं वाकून बघितलं. "आर्धं कुणाला?"

"ह्याला. बारा पुरी न्हाईत अजून. शाळेचा दाखला हाय, दाखवू का?"

बाबूनं ट्रंकेखालच्या त्या उंच पोराकडं बघितलं. "किती वर्षांचा रे तू?"

आप्पानं कोपर मारलं. मागं रांगेतली माणसं पुढं सरकत होती. गाडी दूर पुलावर दिसायला लागली होती. परभणीच्या शाळेत तोच दाखला द्यायचा होता, तिथं पुन्हा अकराच व्हायचं होतं, हे शिवरुद्राला ठाऊक होतं. कागदावर कदाचित जन्मभर.

"चौदा," तो म्हणाला. "दोन पुरी द्या."

"आरं लेका!" आप्पा ओरडला. "वरचं कोण देणार?"

शिवरुद्रानं ट्रंक खाली ठेवली, खानावळीच्या पैशाची पुरचुंडी सोडली आणि त्यातलं काढून खिडकीत दिलं. पुरचुंडी पुन्हा बांधताना ती पहिल्यापेक्षा हलकी लागली. खानावळवाल्याला काय सांगायचं ते आता तिथं गेल्यावर बघावं लागणार होतं.

"तुला अक्कल कवा यायची?" आप्पा म्हणाला.

"चौदा वर्षांच्या पोराला जेवढी असती तेवढी हाय," शिवरुद्र म्हणाला आणि ट्रंक डोक्यावर घेतली.